सौर पॅनेलचे पैसे किती वर्षांत फिटतील? बारा बिलांवरून मांडलेला हिशेब

छतावर सौर पॅनेल बसवण्याचं कोटेशन हातात येतं तेव्हा त्यात एक वाक्य ठळक असतं: ‘साडेचार वर्षांत पैसे वसूल.’ हा आकडा बहुतेक वेळा एकाच गुणाकारातून आलेला असतो. वर्षभरात पॅनेल किती युनिट बनवतील ते घ्यायचं, तुमच्या बिलातल्या सरासरी दराने गुणायचं आणि एकूण खर्चाला त्या उत्तराने भागायचं. गणित चुकलेलं नसतं, पण मांडणी चुकीची असते. कारण बिलातून कमी होणाऱ्या प्रत्येक युनिटची किंमत सारखी नसते आणि बिलातला काही भाग तर कितीही ऊन पडलं तरी कमी होत नाही.

हे नीट कळायला गेल्या बारा महिन्यांची बिलं लागतात. एका महिन्याचं बिल किंवा ‘साधारण अमुक येतं’ एवढ्यावर हा हिशेब होत नाही. बिलं समोर ठेवली की आधी रक्कम बाजूला ठेवा आणि फक्त युनिट लिहून काढा. रकमेत मागची थकबाकी, विलंब शुल्क किंवा एखादं समायोजन मिसळलेलं असू शकतं. प्रत्येक बिल किती दिवसांचं आहे तेही पाहा, कारण एक २७ दिवसांचं आणि पुढचं ३४ दिवसांचं असलं तर फरक वापराचा नसून दिवसांचा असतो. मीटरचं रीडिंग न घेता अंदाजे काढलेलं बिल असेल, तर त्या महिन्याचे आणि पुढच्या महिन्याचे युनिट एकत्र करून दोघांत दिवसांच्या प्रमाणात वाटा. आणि वर्ष नेहमीसारखं होतं का, हा प्रश्न स्वतःला विचारा. घर दोन महिने बंद होतं, किंवा नुकताच एसी घेतला आहे, तर ती दुरुस्ती आत्ताच करायला हवी.

आता एक घर घेऊ. पुढचे सगळे आकडे हिशेब दाखवण्यासाठी मी ठरवलेले आहेत. तुमचे दर आणि तुमचं कोटेशन त्यांच्या जागी घाला. या घरात वीज तीन टप्प्यांत मिळते. महिन्याच्या पहिल्या १०० युनिटला प्रत्येकी ५ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत १० रुपये आणि ३०० च्या वर १४ रुपये. कर या दरांतच धरला आहे. शिवाय महिन्याला १५० रुपये स्थिर आकार आहे, तो वापर शून्य असला तरी भरावा लागतो. बारा बिलांत चार महिने कडक गरमीचे, पाच मधले आणि तीन थंड निघाले.

| महिने | महिन्याचा वापर | महिन्याचं बिल |
|---|---|---|
| ४ गरमीचे | ४२० युनिट | ४,३३० रु. |
| ५ मधले | २८० युनिट | २,४५० रु. |
| ३ थंड | १८० युनिट | १,४५० रु. |

वर्षाचे ३,६२० युनिट आणि ३३,९२० रुपये. भागाकार केला की सरासरी दर येतो ९.३७ रुपये.

कोटेशन आहे ३ किलोवॅटचं, सगळं धरून १,८०,००० रुपयांचं. विक्रेता सांगतो की एक किलोवॅट दिवसाला ४ युनिट देतो, म्हणजे वर्षाला ४,३८०. त्याला ९.३७ ने गुणलं की बचत ४१,००० च्या थोडी वर जाते आणि पैसे ४.४ वर्षांत वसूल होताना दिसतात. पण जरा थांबून वरच्या ओळीकडे पाहा. वर्षभराचं सगळं बिलच ३३,९२० आहे. बचत त्याहून जास्त कशी होईल? कोटेशन तपासायची ही सर्वांत सोपी चाचणी आहे आणि कितीतरी कोटेशनं इथेच अडकतात.

विक्रेत्याच्या या गुणाकारात दोन गोष्टी सैल आहेत. एक, निर्मितीचा आकडा. दोन, युनिटची किंमत. निर्मितीचं आधी उरकू.

पॅनेलवर लिहिलेली क्षमता ही प्रयोगशाळेतल्या स्थितीची असते: चौरस मीटरला १,००० वॅट ऊन आणि पॅनेलचं स्वतःचं तापमान २५ अंश. छतावर भर दुपारी पॅनेल ५५-६० अंशांपर्यंत तापतं आणि सध्याची बहुतेक पॅनेल प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के ताकद गमावतात. त्यात धूळ, तारांमधला आणि इन्व्हर्टरमधला तोटा मिळवा. म्हणून ‘दिवसाला ४ युनिट’ हा आकडा सगळीकडे सारखा लागू होत नाही. युरोपीय आयोगाचं PVGIS हे साधन फुकट वापरता येतं. नकाशावर आपलं छत निवडायचं, पॅनेलचा उतार आणि दिशा भरायची, की महिन्यागणिक निर्मिती मिळते. त्यात तोटा १४ टक्के आधीच भरलेला असतो. तो तसाच ठेवा. मात्र ते दूरच्या डोंगरांची सावली धरतं, शेजारची इमारत, पाण्याची टाकी किंवा झाड त्याला माहीत नसतं. ते तुम्हालाच पाहावं लागतं: सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता छतावर जाऊन, आणि सूर्य सर्वांत खाली असतो त्या ऋतूतली सावली आणखी लांब पडते हे लक्षात ठेवून. एका रांगेत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली पडली तर तोटा त्या एका पॅनेलपुरता राहीलच असं नाही, त्याचा फटका रांगेतल्या इतर पॅनेललाही बसू शकतो.

आपल्या उदाहरणात असं पाहून निर्मिती किलोवॅटमागे १,३०० युनिटवर आली, म्हणजे ३ किलोवॅटला वर्षाला ३,९००. गरमीच्या महिन्यांत ३९०, मधल्या महिन्यांत ३०० आणि थंडीत २८० युनिट.

आता खरा मुद्दा, युनिटची किंमत. सौरवीज बिलातले युनिट वरून काढते. ४२० युनिटच्या महिन्यात पहिले काही युनिट कमी झाले तर ते १४ रुपयांचे असतात. ३०० च्या खाली आल्यावर पुढचे १० रुपयांचे आणि १०० च्या खाली गेल्यावर उरलेले ५ रुपयांचे. म्हणजे पॅनेलचा पहिला हिस्सा महाग वीज वाचवतो आणि शेवटचा हिस्सा स्वस्त. सरासरी दर यातलं काहीच दाखवत नाही, उलट त्यात स्थिर आकारही वाटला गेलेला असतो, आणि तो तर वाचतच नाही.

म्हणून बारा बिलं एकेक करून पुन्हा मांडायची. समजा, वीज कंपनी नेट मीटरिंग देते: जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांच्या वापरातून वजा होतात आणि वर्षअखेर उरले तर ३ रुपयांनी विकत घेतले जातात. मी हा हिशेब आधी फक्त एका किलोवॅटसाठी केला, मग दोनसाठी, मग तीनसाठी.

एक किलोवॅट असेल तर गरमीच्या महिन्यात १३० युनिट कमी होतात. त्यातले १२० चौदा रुपयांचे आणि १० दहा रुपयांचे, म्हणजे १,७८० रुपये. मधल्या महिन्यात १०० युनिट, सगळे दहा रुपयांचे, म्हणजे १,००० रुपये. थंडीत ९३ युनिटचे ८६५ रुपये. वर्षाची बचत १४,७१५. दुसरा किलोवॅट तेवढेच १,३०० युनिट बनवतो, पण थंडीतले वीसेक जास्तीचे युनिट सोडून दिले तर बचतीत भर घालतो ११,००५ रुपयांची. तिसरा किलोवॅटही १,३०० युनिट बनवतो आणि भर पडते फक्त ७,२४० रुपयांची. ऊन तेच, पॅनेल तीच, पण पहिल्या किलोवॅटच्या प्रत्येक युनिटने ११ रुपये ३० पैसे वाचवले आणि तिसऱ्याच्या युनिटने साडेपाच रुपयांच्या आसपास.

तिन्ही मिळून बचत ३२,९६० रुपये, म्हणजे १,८०,००० रुपये ५.५ वर्षांत फिटतात. हे काही वाईट उत्तर नाही. पण विक्रेत्याकडून २ किलोवॅटचंही कोटेशन मागवलं आणि ते १,३०,००० निघालं, तर प्रश्न बदलतो. २ किलोवॅटचे पैसे ५.१ वर्षांत फिटतात. तिसऱ्या किलोवॅटसाठी जास्तीचे ५०,००० द्यायचे आणि त्यातून वर्षाला ७,२४० मिळवायचे, म्हणजे त्या पन्नास हजारांना जवळजवळ ७ वर्षं लागतात. एकत्र आकड्यात हे झाकलं जातं. म्हणून माझं मत ठाम आहे की एकाच क्षमतेचं कोटेशन घेऊन निर्णय करू नये. दोन क्षमतांची कोटेशनं घ्यावीत आणि फरकाला फरकाने भागावं.

आतापर्यंत आपण वीज कंपनी युनिटच्या बदल्यात युनिट देते असं धरलं. अनेक ठिकाणी तसं नसतं. तिथे पॅनेल चालू असताना घरात त्या क्षणी जेवढी वीज वापरली जाते तेवढीच तुमच्या दराने वाचते. उरलेली बाहेर जाते आणि तिला बाहेर जाण्याचा वेगळा, बहुधा बराच कमी दर मिळतो. संध्याकाळी तुम्ही तीच वीज पूर्ण दराने परत घेता. या पद्धतीत बारा बिलं पुरत नाहीत, कारण साध्या मीटरचं बिल वीज किती वापरली ते सांगतं, कधी वापरली ते सांगत नाही.

ही उणीव भरून काढता येते. आठवडाभर रोज सकाळी नऊला आणि दुपारी चारला मीटरचं रीडिंग लिहून ठेवा. सुट्टीचे दिवस आणि कामाचे दिवस दोन्ही त्यात यायला हवेत. गरमीत एकदा आणि थंडीत एकदा हे करता आलं तर उत्तम. आपल्या घरात गरमीच्या दिवसांत रोजच्या १४ युनिटपैकी साडेचार दिवसा जातात असं दिसलं, म्हणजे महिन्याला सुमारे १३६. ही वरची मर्यादा समजा. दिवसाचा वापर एकदम होत असेल, उदाहरणार्थ पाणी तापवण्याचं यंत्र किंवा इस्त्री, तर त्या क्षणी लागणारी वीज पॅनेलच्या ताकदीहून जास्त असू शकते आणि वरचा भाग बाहेरूनच येतो.

वर्षभराचं पाहिलं तर ३ किलोवॅटच्या ३,९०० युनिटपैकी साधारण ३५ टक्के, म्हणजे १,३६३ युनिट घरात वापरले गेले. टप्प्यांप्रमाणे त्यांची किंमत १५,२८० रुपये. बाकीचे २,५३७ युनिट ३ रुपयांनी बाहेर गेले, त्यांचे ७,६११. एकूण २२,८९१ आणि परतफेड ७.९ वर्षं. घर, छत, बिलं, खर्च सगळं तेच आहे. कंपनीचा एक नियम बदलला आणि साडेपाचाची जवळपास आठ वर्षं झाली. म्हणून कोटेशनवर सही करण्याआधी वीज कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मिळवा: जास्तीचं युनिट युनिटच्या बदल्यात मोजतात की पैशांत, शिल्लक कोणत्या तारखेला मिटवतात, आणि आज मिळणारा नियम तुम्हाला किती वर्षं लागू राहील. नेट मीटर बसल्यावर स्थिर आकार वाढतो का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

इथे एक उपाय हाताशी असतो. धुणं, पंप, पाणी तापवणं अशी कामं दुपारकडे सरकवली तर ३ रुपयांनी बाहेर जाणारं युनिट १० किंवा १४ रुपयांचं होतं. महिन्याला ३० युनिट असे सरकवता आले आणि ते दहा रुपयांच्या टप्प्यातले असतील, तर वर्षाला २,५२० रुपयांचा फरक पडतो. जिथे युनिटच्या बदल्यात युनिट मिळतं तिथे मात्र या धडपडीने काहीच वाचत नाही.

आता खर्चाची बाजू. कोटेशनमध्ये पॅनेल आणि इन्व्हर्टर असतातच. सांगाडा, अर्थिंग, मीटर बदलण्याचं शुल्क आणि छताला भोकं पाडल्यावर गळती होऊ नये म्हणून करायचं काम यातलं काय धरलं आहे आणि काय ‘वेगळं’ आहे ते शब्दांत लिहून घ्या. अनुदान असेल तर ते आधी वजा होतं की नंतर खात्यात येतं हे पाहा. येईपर्यंत ते तुमच्या खिशातलेच पैसे असतात. छताचं वॉटरप्रूफिंग पाच-सहा वर्षांत करावं लागणार असेल तर ते आधी करून घेणं शहाणपणाचं, कारण नंतर पॅनेल उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च येतो आणि तो या कुठल्याच कागदावर नसतो.

पॅनेल २५ वर्षं टिकतात, इन्व्हर्टर सहसा इतका टिकत नाही. १० ते १५ वर्षांत तो बदलावा लागतो. आपल्या उदाहरणात त्याला ३०,००० लागतील असं धरू. बारा वर्षांत वाटले की वर्षाला २,५०० बाजूला ठेवायचे. धुण्या-पुसण्याचे आणि किरकोळ दुरुस्तीचे आणखी १,०००. बचतीतून हे ३,५०० काढले की युनिटच्या बदल्यात युनिट असलेल्या ठिकाणी परतफेड ६.१ वर्षांवर जाते, पैशांत मोजणाऱ्या ठिकाणी ९.३ वर्षांवर.

याहून मोठा फरक व्याजाचा आहे आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो. १,८०,००० रुपये ९ टक्क्यांनी कर्जाऊ घेतले, किंवा तेवढाच परतावा देणाऱ्या ठेवीतून काढले, तर पहिल्या वर्षाचं व्याजच १६,२०० होतं. युनिटच्या बदल्यात युनिट मिळतं तिथे निव्वळ बचत २९,४६० आहे, म्हणजे मुद्दलाला १३,२६० उरतात आणि सगळं फिटायला सव्वानऊ वर्षं लागतात. पैशांत मोजतात तिथे निव्वळ बचत १९,३९१. व्याज गेल्यावर मुद्दलाला जेमतेम ३,१९१ उरतात. या वेगाने पैसे फिटायला जवळजवळ २१ वर्षं लागतील. ज्या घराचा साधा भागाकार ९.३ वर्षं सांगत होता, तिथे हा निर्णय व्याजामुळे मोडतो. अशा घराने कर्ज काढून ३ किलोवॅट बसवू नये, असंच मी म्हणेन.

कोटेशनमध्ये वीजदर दरवर्षी ५ टक्के वाढेल असं धरलेलं असू शकतं. दर वाढतात हे खरं आहे, पण पहिला हिशेब आजच्याच दराने करा. तो जमला तर वाढ तुमच्या फायद्याची आहे. तो फक्त वाढ धरल्यावरच जमत असेल, तर तुम्ही दरवाढीवर पैज लावत आहात. शिवाय वाढ कुठे होते यावरही सगळं अवलंबून आहे. युनिटचा दर वाढला तर बचत वाढते. कंपनीने तेच पैसे स्थिर आकारातून घेतले तर तुमची बचत जराही हलत नाही.

पॅनेलची झीज मात्र वाटते तितकी त्रासदायक नाही. वर्षाला अर्धा टक्का ही नेहमीची चाल धरली तर दहा वर्षांनी ३,९०० युनिटचे सुमारे ३,७०० होतात. नेट मीटरिंगच्या आपल्या उदाहरणात वर्षअखेर २८० युनिट शिल्लक राहून ३ रुपयांनी जात होते. झीज आधी हे स्वस्त युनिट खाते, त्यामुळे दहाव्या वर्षीही तोटा सहाशे रुपयांच्या आतच राहतो. दोन किलोवॅटवाल्या घरात शिल्लक जवळजवळ नसतेच, तिथे हरवणारं युनिट ५ किंवा १० रुपयांचं असतं.

पॅनेल बसल्यानंतरही हा हिशेब तपासता येतो, पण नुसतं बिल किती आलं हे पाहून नाही. इन्व्हर्टर दाखवतो ती महिन्याची निर्मिती PVGIS च्या त्या महिन्याच्या आकड्याशेजारी लिहा. एखादा महिना ढगाळ गेला तर तो कमी येणारच, पण स्वच्छ उन्हाचे लागोपाठ दोन महिने पंधरा-वीस टक्क्यांनी मागे असतील तर धूळ, नवी सावली किंवा बंद पडलेली रांग यांपैकी काहीतरी आहे. घराचा खरा वापर मिळवण्यासाठी निर्मितीतून बाहेर गेलेले युनिट वजा करा आणि बाहेरून घेतलेले मिळवा. तो आकडा जुन्या बिलांतल्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. तो वाढलेला दिसला, तर बचतीचा एक भाग जास्त वापरलेल्या विजेत गेला आहे, आणि परतफेडीची वर्षं मोजताना तो भाग धरता येणार नाही.